अडकलेल्या रनिंग बिलासाठी कार्यालयाला पत्र : छोट्या कंत्राटदारांचे नेहमीचे प्रश्न (कोल्हापूर)

गावातला काँक्रीट रस्ता, गटर, शाळेची खोली, समाजमंदिराचं कंपाउंड अशी दहा-वीस लाखांची कामं करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मोठ्या कंपन्यांकडं बिलाच्या मागं लागायला माणसं असतात, आपल्याकडं आपणच असतो. करवीर, पन्हाळा, कागल, राधानगरी कुठंही काम असू दे, खडीवाला आणि सिमेंटवाला यांचा फोन रोज येतो आणि बिल मात्र कुठल्यातरी टेबलावर पडून असतं, म्हणून सगळे विचारतात ते प्रश्न एका जागी घेतलेत. उदाहरणातलं काम आणि आकडे समजण्यापुरते धरलेत, कुठल्या खऱ्या कामाचे नाहीत.

दादा, पत्र लिहून खरंच काही होतं का? मी तर रोज साहेबांना भेटतोय.

भेटणं चालूच ठेवा, पण भेटीची कुठं नोंद राहत नाही. उद्या साहेबांची बदली झाली की नवीन साहेब फाईलमध्ये कागद काय आहेत तेवढंच बघणार. पत्राला आवक नंबर पडला की ते फाईलला लागतं आणि कुणालातरी त्यावर शेरा मारावाच लागतो. मात्र 'बिल लवकरात लवकर मिळावे ही विनंती' एवढंच लिहिलेलं असेल तर त्यावर शेरासुद्धा 'कार्यवाही चालू आहे' एवढाच येतो. बिल नेमकं कुठल्या टेबलावर आणि कशासाठी थांबलंय हे पत्रात लिहिलेलं असलं तरच त्या पत्राला उत्तर द्यावं लागतं.

मग बिल कुठं अडकलंय हे शोधायचं कसं?

बिलाचा रस्ता समजून घ्या. आधी कनिष्ठ किंवा शाखा अभियंता साईटवर येऊन मोजमाप घेतो आणि मेजरमेंट बुकात म्हणजे एमबीत लिहितो. मग उपअभियंता त्यातली काही मोजमापं स्वतः तपासतो, त्यावर बिल तयार होतं आणि उपविभागातून विभागाला जातं. तिथं लेखा शाखा बेरीज, दर, आधीच्या बिलाची वजावट, कपाती आणि कागदपत्रं बघते, नंतर कार्यकारी अभियंता बिल पास करतो आणि त्या लेखाशीर्षाला निधी शिल्लक असला तर पैसे निघतात.

म्हणजे अडकायच्या जागा तीनच. एकतर मोजमापच लिहिलेलं नाही, नाहीतर मोजमाप झालंय पण तपासणीत काहीतरी शंका काढलीय, नाहीतर बिल पास झालंय आणि निधी नाही. तिन्हीची पत्रं वेगळी असतात आणि घोळ इथंच होतो, कारण निधी आलेला नसताना माणूस मोजमापाचं रडगाणं लिहितो, आणि एमबी कोरी असताना 'निधी द्या' म्हणतो. उपविभागातल्या क्लार्कला आणि विभागातल्या लेखा शाखेला नुसतं एवढंच विचारा की बिल कुठल्या तारखेला आलं आणि कुठल्या तारखेला कुठं गेलं. आवक-जावक रजिस्टरला ते असतंच. ती तारीख वहीत लिहून घ्या.

मोजमाप झालंय असं इंजिनिअर म्हणतात. तेवढं पुरे का?

नाही. एमबीचा नंबर, पान नंबर आणि मोजमापाची तारीख हातात पाहिजे. करारावर काम करणाऱ्याला एमबीतलं मोजमाप मान्य असल्याची सही करायला बोलावतात, तेव्हा घाईत सही ठोकू नका, वाचा.

समजा रस्ता १२० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड आहे. सरळ हिशोब १२० गुणिले ३ गुणिले ०.१५ म्हणजे ५४ घनमीटर काँक्रीट. पण मारुतीच्या देवळाजवळ वळणावर एका घराची पायरी पुढं आलेली असते आणि तिथं २० मीटर लांबीत रुंदी २.७० च भरते. मग एमबीत दोन ओळी येतात, १०० मीटर ३.०० रुंदीने ४५ घनमीटर आणि २० मीटर २.७० रुंदीने ८.१० घनमीटर, बेरीज ५३.१०. तुम्ही ५४ धरून बिल दिलेलं असलं की लेखा शाखेत ते जुळत नाही आणि बिल परत येतं. फरक पाऊण-एक घनमीटरचा, पण त्यापायी फाईल खाली उपविभागात जाते आणि पुन्हा वर यायला वेळ लागतोच. म्हणून आपलं बिल एमबीवरूनच बनवा, डोक्यातल्या हिशोबावरून नको. आणि मोजमाप चुकीचं वाटलं तर सही नाकारत बसू नका, हरकत आहे असं लिहून सही करा आणि त्याच दिवशी फेरमोजणीचं पत्र द्या.

पत्रात किती रक्कम लिहायची? ग्रॉस की हातात येणारी?

दोन्ही लिहा. आपली पोरं इथंच गडबडतात, म्हणून एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो.

बी-१ टेंडर, अंदाजपत्रक २० लाखाचं, तुम्ही ६ टक्के कमी दराने घेतलंय. आजपर्यंत झालेलं सगळं काम अंदाजपत्रकाच्या दराने १३ लाखाचं झालं. त्यातून ६ टक्के गेले की १२,२२,०००. पहिल्या रनिंगला ५,६४,००० मिळालेत, ते वजा केले की दुसऱ्या रनिंगची किंमत ६,५८,००० निघते. रनिंग बिल कायम असंच असतं, सुरुवातीपासूनचं सगळं काम मोजायचं आणि आधी दिलेलं वजा करायचं, नुसतं 'या महिन्याचं काम' असं वेगळं नसतं.

यावर जीएसटी १८ टक्के म्हणजे १,१८,४४०, एकूण ७,७६,४४०. आता कपाती. मालक एकटा असेल तर इन्कम टॅक्सचा टीडीएस १ टक्का म्हणजे ६,५८०, पार्टनरशिप किंवा कंपनी असेल तर २ टक्के. करार अडीच लाखाच्या वरचा असला की जीएसटीचा टीडीएस २ टक्के, १३,१६०. कामगार उपकर १ टक्का, ६,५८०. सुरक्षा ठेव करारात असेल त्या टक्क्याने, इथं २ टक्के धरली तर १३,१६०. सगळ्या कपाती मिळून ३९,४८०, आणि बँकेत यायला पाहिजेत ७,३६,९६०.

खडी-वाळूच्या रॉयल्टीच्या पावत्या दिल्या नसतील तर ते पैसे वेगळे कापतात, आणि ती रक्कम छोट्या माणसाला लई लागते. क्रशरवाल्याकडून पावती त्याच दिवशी घ्या, नंतर तो देत नाही.

बरं, आता एक नमुना द्या की राव.

देतो. यातलं काम असं आहे : मुदत संपून गेलेली, पण मुदतवाढीचा अर्ज वेळेत दिलेला, मोजमाप झालंय, बिल विभागाला गेलंय, आणि तोंडी सांगितलंय की मुदतवाढ मंजूर नाही आणि क्यूबचा रिपोर्ट नाही. आपल्याकडं सगळ्यात जास्त बिलं अशीच अडकतात.

> प्रति,
> मा. कार्यकारी अभियंता,
> (विभागाचे नाव), कोल्हापूर.
>
> मार्फत : मा. उपअभियंता, (उपविभागाचे नाव)
>
> विषय : मौजे ______, ता. पन्हाळा येथील अंतर्गत रस्ता काँक्रिटीकरण कामाचे दुसरे रनिंग बिल रु. ७,७६,४४०/- अदा करणेबाबत.
>
> संदर्भ : १) कार्यारंभ आदेश क्र. ____ दि. १०/०९/२०२४
> २) आमचा मुदतवाढ अर्ज दि. २०/०२/२०२५, आवक क्र. ____
> ३) दुसरे रनिंग बिल दि. २५/०३/२०२५
> ४) क्यूब चाचणी अहवाल सादर केल्याचे पत्र दि. २८/०४/२०२५, आवक क्र. ____
>
> महोदय,
>
> वरील काम आम्ही संदर्भ १ नुसार करीत आहोत. आजपर्यंतच्या कामाचे मोजमाप दि. २४/०३/२०२५ रोजी घेण्यात आले असून ते मोजमाप पुस्तिका क्र. ____ पान क्र. ____ ते ____ वर नोंदलेले आहे व त्यावर आमची सही आहे. त्यानुसार बिल उपविभागाकडून दि. ०२/०४/२०२५ रोजी आपल्या विभागाकडे आले आहे.
>
> लेखा शाखेत चौकशी केली असता मुदतवाढ मंजुरी व क्यूब चाचणी अहवाल नसल्याने बिल थांबल्याचे तोंडी सांगण्यात आले. त्याबाबत खुलासा असा की, क्यूब चाचणी अहवाल संदर्भ ४ नुसार सादर केला आहे. कामाची मुदत दि. ०९/०३/२०२५ पर्यंत होती. रस्त्याखालील नळपाणी योजनेची पाईपलाईन हलविण्यास विलंब झाल्याने जागा मोकळी मिळाली नाही, म्हणून मुदत संपण्यापूर्वीच संदर्भ २ नुसार मुदतवाढ मागितली आहे. त्या अर्जावर अद्याप निर्णय कळविण्यात आलेला नाही.
>
> तरी मुदतवाढ प्रस्तावावर निर्णय घेऊन सदर बिल अदा करावे. काही त्रुटी शिल्लक असल्यास ती आम्हांस लेखी कळवावी, म्हणजे तातडीने पूर्तता करता येईल. मुदतवाढीचा निर्णय प्रलंबित असेपर्यंत आवश्यक ती रक्कम राखून ठेवून उर्वरित रक्कम अदा करण्याचाही विचार व्हावा.
>
> सोबत : मोजमापाचा गोषवारा, मुदतवाढ अर्जाची पोच, चाचणी अहवालाची पोच, कामाचे फोटो, बँक तपशील.
>
> आपला विश्वासू,
> (सही, शिक्का, नोंदणी क्र., मोबाईल)
>
> प्रत माहितीसाठी : मा. अधीक्षक अभियंता, (मंडळाचे नाव)

जिल्हा परिषदेचं, नगरपालिकेचं काम असेल तर वरचं पद बदला, बाकी सांगाडा हाच.

शेवटचं ते 'रक्कम राखून ठेवून उर्वरित द्या' कशाला?

कारण मुदतवाढ दंडासह मंजूर होईल की बिनदंडाची हे ठरलेलं नसतं, आणि पुढं दंड वसूल कुठून करायचा या भीतीनं लेखा शाखा अख्खं बिलच धरून ठेवते. तुम्हीच थोडं राखून ठेवायची तयारी दाखवली की त्यांची अडचण सुटते, आणि सात लाख अडकण्यापेक्षा वीस-पंचवीस हजार अडकलेले परवडले. सगळीकडं हे मान्य होईलच असं नाही, पण मागितल्याशिवाय तर कुणी देत नाही.

मुदतवाढीचा अर्ज मी दिलाच नव्हता, मुदत संपून गेलीय. आता?

आजच द्या आणि खरं कारण लिहा. पाऊस लिहिणार असाल तर त्या काळातलाच लिहा, गगनबावड्यात जुलैमध्ये काम बंद होतं हे कुणालाही पटेल, पण फेब्रुवारीतल्या उशिराला पाऊस लावला की सगळा अर्जच खोटा वाटतो. पाईपलाईन, विजेचा खांब, जागेचा वाद, ग्रामपंचायतीनं थांबवलेलं काम यांचा फोटो नाहीतर पत्र असेल तर जोडा. बिलाच्या पत्राआधी हा अर्ज आवक झालेला पाहिजे, म्हणजे पत्रात त्याचा संदर्भ देता येतो.

क्यूबचा रिपोर्ट वेळेत का येत नाही?

काँक्रीटची ताकद २८ दिवसांच्या क्यूबवर ठरते, त्यामुळं २० मार्चला स्लॅब ओतला तर १७ एप्रिलच्या आधी अंतिम रिपोर्ट येऊच शकत नाही, आणि मार्च एंडचं बिल तर २५ तारखेला घालायचं असतं. काही ठिकाणी ७ दिवसांच्या रिपोर्टवर रनिंग काढतात, काही ठिकाणी अजिबात नाही, ते आधी विचारून ठेवा. मुख्य गोष्ट म्हणजे क्यूब भरताना त्यावर तारीख आणि कामाचं नाव ओल्या काँक्रीटवरच कोरा, नाहीतर लॅबमध्ये कुठला क्यूब कुठल्या कामाचा यावरच वाद होतो.

बिल पास आहे, 'निधी नाही' म्हणतात. इथं पत्राचा काय उपयोग?

उपयोग कमी आहे, उगाच आशा लावत नाही. निधी मंत्रालयातून येतो आणि तुमच्या साहेबांच्या हातात ते नसतं. पण पत्रात तीन गोष्टी मागा : बिल कुठल्या तारखेला पास झालं ते लेखी, कामाचं लेखाशीर्ष कोणतं, आणि थकीत बिलांच्या यादीत आपलं बिल घेतलंय का. २५१५ चं काम असेल आणि ३०५४ ला निधी आला तर तो तुम्हाला मिळणार नाही, हे माहीत असलं की बाजूवाल्याचं बिल निघालं म्हणून उगाच भांडण होत नाही. आणि त्याच लेखाशीर्षाला निधी येऊनही तुमच्यानंतर पास झालेलं बिल आधी निघालं, तर ते मात्र तारखेसकट पत्रात लिहा.

आचारसंहिता लागलीय म्हणून बिल देत नाही म्हणतात, खरं आहे का?

आचारसंहितेत नवीन कामं जाहीर करायला आणि सुरू करायला बंदी असते. झालेल्या कामाचे पैसे द्यायला अडथळा नाही, अधिकाऱ्यांचं समाधान झालेलं असलं की पैसे देता येतात, हे निवडणूक आयोगाच्या सूचनांमध्येच आहे. पत्रात नम्रपणे एवढंच लिहा की काम आचारसंहितेआधी सुरू झालेलं आहे आणि हे झालेल्या भागाचं बिल आहे.

पत्र द्यायचं कुणाकडं? साहेबांच्या हातात दिलं तर चालेल?

हातात द्या, पण आवक शाखेत नोंदवूनच. दोन प्रती घ्यायच्या, एक तिथं, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर. नुसता शिक्का असेल आणि नंबर नसेल तर नंबर मागा, कारण शिक्क्यावरून पत्र शोधता येत नाही. घ्यायला टाळाटाळ झाली तर ईमेल करा आणि पोस्टानं पाठवा. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच मिसळलंय, तेव्हा पोच मिळेल असं स्पीड पोस्ट करा आणि पावती पत्राच्या प्रतीला टाचून ठेवा.

उत्तर आलंच नाही तर किती दिवसांनी दुसरं पत्र?

आधी आपला करार काढून बिलाचा क्लॉज वाचा. बी-१ च्या करारात साधारण असं असतं की कंत्राटदारानं दर महिन्याला बिल द्यायचं आणि शक्य असेल तर ते दहा दिवसांत तपासून हिशोबात घ्यायचं. 'शक्य असेल तर' हे शब्द आहेत म्हणून त्यावर हक्क गाजवता येत नाही, पण स्मरणपत्रात तो क्लॉज नंबरासह लिहिला की वजन पडतं. पंधरा-वीस दिवसांनी स्मरणपत्र द्या, ते अर्ध्या पानाचंच असू दे, पहिल्या पत्राचा आवक नंबर टाका आणि सगळी गोष्ट परत सांगू नका.

त्यानंतरही काही नाही तर माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. 'बिल का दिलं नाही' असं विचारू नका, त्याला माहिती म्हणत नाहीत. माझ्या अमुक बिलाच्या फाईलवरच्या टिप्पणीची, शेऱ्यांची आणि आवक-जावक नोंदीची प्रत द्या, असं मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि टिप्पणीत शंका काय काढलीय ते उघड दिसतं.

एमएसएमई नोंदणी आहे माझी. ४५ दिवसांचा नियम आणि व्याज लावता येईल ना?

इथं लई जण फसतात. २००६ च्या एमएसएमई कायद्यात ४५ दिवसांची मर्यादा आणि बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे हे खरं, पण रस्ता-इमारतीचं काम हे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, आणि त्याला हा कायदा लागत नाही असं मुंबई हायकोर्टानं धरलेलं आहे. त्यामुळं पत्रात त्या कायद्याची धमकी देऊ नका, समोरचा लेखाधिकारी हे जाणून असतो आणि तुमचं बाकीचं पत्रही हलकं पडतं. नुसता माल पुरवला असेल, म्हणजे बेंच, पाईप, दिवे, तर गोष्ट वेगळी, तेव्हा वकिलाला विचारून पुढं जा. शिवाय करारात उशिराबद्दल व्याज मिळणार नाही असं लिहिलेलं असू शकतं, तेही बघा.

कुणी टक्का मागितला तर पत्रात लिहू का?

बिलाच्या पत्रात नको, तो विषय वेगळा. लाचलुचपत प्रतिबंधक खात्याचा नंबर १०६४ आहे, पैसे द्यायच्या आधीच फोन करा. २०१८ च्या दुरुस्तीपासून देणाराही गुन्हेगार ठरतो, जबरदस्तीनं द्यावे लागले असतील तर सात दिवसांत कळवलं तरच वाचतो.

कोर्टात जायची वेळ आली तर ही पत्रं चालतात का?

चालतात, आणि तीच लागतात. कामाच्या पैशासाठी दावा करायची मुदत साधारण तीन वर्षं असते, आणि नुसती स्मरणपत्रं देत राहिल्यानं ती वाढत नाही. कार्यालयानं मुदतीच्या आत सहीनिशी 'इतकं देणं आहे' असं मान्य केलं तर मात्र त्या तारखेपासून नव्यानं मोजतात, म्हणून त्यांचं लेखी उत्तर सोन्यासारखं जपायचं. राज्य सरकारवर दावा करायच्या आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, जिल्हा परिषद आणि नगरपालिकेचे नियम वेगळे. तिसरं वर्ष लागायच्या आत वकिलाला गाठा.

पैसे जमा झाले. आता काही करायचं उरतं का?

जमा रक्कम आणि आपला हिशोब जुळवा. वरच्या उदाहरणात ७,३६,९६० यायला पाहिजेत आणि कमी आले तर कपातीचा तपशील कार्यालयाकडून लेखी मागून घ्या. इन्कम टॅक्सचा टीडीएस २६एएसमध्ये दिसतो का बघा, आणि जीएसटीचा २ टक्के तर कार्यालयानं जीएसटीआर-७ भरल्याशिवाय तुमच्या कॅश लेजरला येतच नाही. तिथं महिनाभर काही दिसलं नाही तर त्यासाठी वेगळं पत्र द्यायचं, आणि त्यावरही आवक नंबर घ्यायचा.